गृहीतक शेवटच्या पानावर अचानक उगवतं: लिटरेचर रिव्ह्यू कुठे तुटतो आणि कसा सांधायचा

मानसशास्त्राच्या प्रबंधांचे मसुदे तपासताना एक शेरा मला पुन्हा पुन्हा लिहावा लागतो: "हे गृहीतक आलं कुठून?" त्यावर बहुतेक विद्यार्थी एकच करतात. आणखी दहा पेपर वाचतात, चार पानं वाढवतात आणि मसुदा परत पाठवतात. मीही तोच शेरा परत लिहितो. तिसऱ्या फेरीला दोघंही वैतागलेले असतात. वाचन कमी पडलं असतं तर वाचनाने प्रश्न सुटला असता. पण बिघाड बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो.

एका विद्यार्थिनीचा मसुदा समोर ठेवून सांगतो. तिचा विषय होता सराव चाचण्या आणि परीक्षेची चिंता. विषय चांगला, वाचनही कष्टाने केलेलं. रिव्ह्यूची सुरुवात अशी: "स्मृती ही मानवी जीवनातील अत्यंत महत्त्वाची प्रक्रिया आहे." पुढे एबिंगहाउसचं १८८५ चं विस्मरणावरचं काम, अ‍ॅटकिन्सन आणि शिफ्रिनचं १९६८ चं स्मृतीचं प्रारूप, बॅडली आणि हिच यांची १९७४ मधली कार्यकारी स्मृती. ही सगळी नऊ पानं. मग अडीच पानांत सराव चाचण्यांवरचे अभ्यास. मग चिंतेची व्याख्या, चिंतेचे प्रकार, यर्कस आणि डॉडसनचा १९०८ चा नियम, आणि परीक्षेच्या चिंतेवरचे पंधरा-वीस अभ्यास, प्रत्येकाला एक परिच्छेद. शेवटी हे:

"वरील आढाव्यावरून असे दिसते की या विषयावर पुरेसे संशोधन झालेले नाही. म्हणून पुढील गृहीतक मांडण्यात येत आहे: सराव चाचणी आणि परीक्षेची चिंता यांत लक्षणीय संबंध असेल."

त्या "म्हणून"वर बोट ठेवा. त्याच्या आधीची वीस पानं काढून तिथे झोपेवरचा किंवा आक्रमकतेवरचा रिव्ह्यू चिकटवला, तरी वाक्य तसंच चालेल. आधीच्या मजकुरातून ते निघतच नाही, नुसतं त्याच्या खाली येऊन बसतं.

जे उपाय करून पाहिले जातात आणि लागू पडत नाहीत

पहिला उपाय पेपर वाढवण्याचा. त्याने यादी लांबते. दुसरा जोडशब्दांचा: परिच्छेदाच्या सुरुवातीला "त्याचप्रमाणे", "याउलट", "या पार्श्वभूमीवर" घालायचं. तिनेही ते केलं होतं. गंमत अशी की "याउलट"ने सुरू होणारा एक परिच्छेद आधीच्या परिच्छेदाशी चक्क सहमत होता. तिसरा उपाय "संशोधनातील पोकळी" असं वेगळं शीर्षक देऊन त्याखाली "अमुक वयोगटावर अभ्यास झालेला नाही" असं लिहिण्याचा. हा सर्वांत फसवा, कारण वरकरणी तो बरोबर वाटतो. त्याकडे पुढे येतो.

या तिन्ही उपायांत माणूस रिव्ह्यूच्या वरच्या टोकाला डागडुजी करत असतो. तडा खालच्या टोकाला असतो.

तडा कुठे आहे ते आधी पाहा

कागदावर फक्त गृहीतक लिहा आणि त्याला एक प्रश्न विचारा: हे उलटं निघालं तर कोणाला आश्चर्य वाटेल, आणि का?

"लक्षणीय संबंध असेल" याला हा प्रश्न विचारून पाहा. चाचण्यांनी चिंता वाढली तरी संबंध आहे, कमी झाली तरी आहे. मग उलटं म्हणजे नेमकं काय? संबंध नसणं. पण तो का नसू नये, हे वीस पानांत कुठेच सांगितलेलं नाही. शिवाय "लक्षणीय" हा शब्द सांख्यिकीय चाचणीच्या निकालाचा आहे, माणसाच्या मनाविषयी तो काहीच सांगत नाही. गृहीतकात दिशा नसेल तर रिव्ह्यूला कुठे पोहोचायचं ते ठाऊकच नसतं. ज्याला कुठेही पोहोचलं तरी चालतं, तो वाटेत दिसेल त्या प्रत्येक अभ्यासापाशी थांबतो. नऊ पानांची स्मृती अशी जमते.

म्हणून दुरुस्ती शेवटच्या ओळीपासून उलट दिशेने करायची. आधी गृहीतक पक्कं करायचं, मग त्याला आधार देणारा परिच्छेद, मग त्या परिच्छेदाला आधार देणारा. वाचकाला मात्र सगळं वरून खाली, रुंद पार्श्वभूमीकडून अरुंद टोकाकडे येताना दिसतं.

मतभेद शोधणं हे खरं काम

मी तिला सगळे पेपर बाजूला ठेवायला सांगितले आणि विचारलं, तुझ्या वाचनात कोणते दोन अभ्यास एकमेकांना छेद देतात? तिने थोडा विचार करून तीन सांगितले. तिन्ही तिच्या रिव्ह्यूत होते, पण वेगवेगळ्या पानांवर, एकमेकांना न भेटलेले.

पहिला अग्रवाल आणि सहकाऱ्यांचा, २०१४ चा. सहावी ते बारावीच्या १,४०८ विद्यार्थ्यांना वर्गातल्या सराव प्रश्नांबद्दल विचारलं, तेव्हा ७२ टक्के विद्यार्थी म्हणाले की त्यामुळे परीक्षेची धास्ती कमी झाली. दुसरा त्से आणि पू यांचा, २०१२ चा. त्यात शब्दजोड्या शिकवल्या होत्या. ज्यांची कार्यकारी स्मृती कमी क्षमतेची होती, त्यांच्यात परीक्षेची चिंता जितकी जास्त तितका चाचणीने शिकण्याचा फायदा कमी दिसला. ज्यांची क्षमता जास्त, त्यांच्यात हा संबंध दिसला नाही. तिसरा स्मिथ, फ्लोर्के आणि थॉमस यांचा, २०१६ चा. आधी आठवून आठवून शिकलेल्या लोकांना दुसऱ्या दिवशी मुद्दाम ताण दिला, तरी त्यांची आठवण ढासळली नाही. नुसतं पुन्हा वाचून शिकलेल्यांची ढासळली.

आता हे तिन्ही एकाच टेबलावर ठेवा. एक म्हणतो चाचण्या चिंता घटवतात, दुसरा म्हणतो चिंता चाचण्यांचा फायदा खाते, तिसरा म्हणतो चाचण्या ताणापासून वाचवतात. पहिल्या मसुद्यात तिने यावर एक वाक्य लिहिलं होतं: "निष्कर्षांमध्ये एकवाक्यता आढळत नाही." आणि पुढे गेली होती. खरा रिव्ह्यू त्याच वाक्यापासून सुरू व्हायला हवा होता. एकवाक्यता का नाही?

याचं उत्तर निष्कर्षांत सापडत नाही, त्यासाठी पद्धतीचा भाग उघडावा लागतो. आम्ही तिन्ही पेपरांचे पद्धतीचे भाग शेजारी ठेवून एकच गोष्ट पाहिली: चिंता किंवा ताण घड्याळात कुठे बसला आहे? अग्रवालांच्या अभ्यासात विद्यार्थी पुढच्या परीक्षेच्या धास्तीबद्दल स्वतःच सांगत आहेत. तिथे आठवण मोजलेलीच नाही, मत विचारलं आहे. स्मिथ यांच्या प्रयोगात शिकणं निवांत झालं आणि ताण नंतर, शेवटच्या आठवणीच्या वेळी आला. त्से आणि पू यांच्याकडे चिंता हा माणसाचा स्थायी स्वभाव आहे, म्हणजे तो सराव करतानाही ती सोबत घेऊनच बसलेला आहे.

इथे ती म्हणाली, "म्हणजे हे तिघं भांडतच नाहीयेत." बरोबर. तिघं तीन वेगळ्या क्षणांबद्दल बोलत आहेत. सराव निवांत झाला तर नंतरचा ताण सोसतो. पण दडपण सरावातच शिरलं तर? हा प्रश्न तिच्या जुन्या मसुद्यात कुठेच नव्हता, पण त्याला लागणाऱ्या सगळ्या वस्तू मात्र तिच्याकडे आधीपासून होत्या.

मग नेमका तो पेपर सापडला जो या फटीत बसतो: हिन्झ आणि रॅप, २०१४. त्यांनी सराव चाचणीच दोन प्रकारे दिली, एक भरपूर दडपणाखाली आणि एक बिनधास्त, आणि सोबत नुसतं पुन्हा वाचणारा गट ठेवला. सराव चाचणीतले गुण दोन्ही चाचणी-गटांचे सारखेच आले. नंतरच्या अंतिम चाचणीत मात्र दडपणाचा गट मागे पडला, आणि पुन्हा वाचणाऱ्यांच्या तुलनेत फायदा फक्त बिनदडपणाच्या गटाला झाला.

सराव चाचणीत सगळे सारखे आणि नंतर फरक, हे विचित्र आहे. अशा विचित्र जागी सिद्धांत लागतो. पार्श्वभूमीत सिद्धांताला जागा मिळते ती अशा कामासाठी, प्रकरणाला वजन आणण्यासाठी नाही. आयझेंक आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेला अवधान-नियंत्रणाचा सिद्धांत म्हणतो की चिंता कामाच्या फळापेक्षा कामाच्या काटकसरीला जास्त धक्का देते. चिंताग्रस्त माणूस काम पूर्ण करतो, पण त्यासाठी जास्त मानसिक बळ ओततो. म्हणजे सराव चाचणीत गुण सारखे आले, तरी दडपणाखालच्या माणसाने ते जास्त खर्च करून मिळवलेले असू शकतात, आणि आठवणीची वीण घट्ट करायला त्याच्याकडे कमी शिल्लक उरली असेल. हे अनुमान आहे, सिद्ध झालेलं नाही, आणि रिव्ह्यूत ते "असू शकतं" अशाच भाषेत लिहायचं. पण तर्काचा सांधा हाच.

मग गृहीतक आपोआप अरुंद होतं

वरच्या दोन परिच्छेदांतून पुढचा प्रश्न जवळजवळ स्वतःच पडतो. सरावातलं दडपण नुकसान करतं. नुकसान बहुधा चिंतेने खाल्लेल्या अवधानातून होतं. तसं असेल तर ज्यांची परीक्षेची चिंता मुळातच जास्त आहे, त्यांचं नुकसान जास्त व्हायला हवं. गृहीतक असं झालं:

"सराव चाचणी दडपणाच्या सूचनेसह दिली असता, बिनदडपणाच्या तुलनेत, एका आठवड्यानंतरची आठवण कमी असेल, आणि परीक्षेची चिंता जितकी जास्त, तितकी ही घट मोठी असेल."

याला तोच प्रश्न विचारा. उलटं निघालं तर कोणाला आश्चर्य वाटेल? अवधानाचा सिद्धांत मानणाऱ्याला. का? कारण त्याच्या मते चिंताग्रस्ताकडे राखीव बळ कमी असतं. आता या वाक्याच्या मागे काय काय उभं असायला हवं ते स्पष्ट दिसतं: सराव चाचणीने शिकणं होतं, दडपणाने ते बिघडतं, ते अवधानातून बिघडतं, आणि चिंतेचा त्या अवधानाशी संबंध आहे. चार दुवे. रिव्ह्यूचे चार भाग हेच, यापलीकडचं सगळं पाहुण्यासारखं.

नऊ पानांची स्मृती दीड पानावर आली. एबिंगहाउस गेला. बॅडली आणि हिच एका वाक्यापुरते राहिले, कारण चौथ्या दुव्यात कार्यकारी स्मृती लागते. तिला एबिंगहाउस काढताना वाईट वाटलं, ते मी समजू शकतो. ते पुस्तक तिने भाषांतरातून वाचलं होतं. पण वाचलेलं सगळं दाखवायचं असतं हा समज या प्रकरणाचा मुख्य रोग आहे.

परिच्छेद जवळून

रुंद टोकाचा पहिला परिच्छेद काय करतो ते पाहू. जुना असा होता:

"रोडिगर आणि कार्पिके (२००६) यांनी चाचणीच्या परिणामाचा अभ्यास केला. त्यांना असे आढळले की चाचणी दिलेल्या गटाची स्मृती चांगली होती. कार्पिके आणि रोडिगर (२००८) यांनीही असाच अभ्यास केला."

नवा असा झाला:

"एखादा उतारा पुन्हा वाचण्याऐवजी तो न पाहता आठवून लिहिला, तर तो जास्त काळ लक्षात राहतो, मात्र हा फायदा लगेच दिसत नाही. रोडिगर आणि कार्पिके (२००६) यांच्या पहिल्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते (८१ विरुद्ध ७५ टक्के), पण एका आठवड्याने चित्र उलटलं (४२ विरुद्ध ५६ टक्के). म्हणजे सरावाच्या वेळची कामगिरी आणि टिकलेलं शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

फरक कुठे आहे? पहिल्यात परिच्छेदाचा कर्ता संशोधक आहे, दुसऱ्यात दावा. संशोधक दाव्याच्या पाठीमागे पुरावा म्हणून येतो. आणि शेवटचं वाक्य पुढच्यासाठी बी पेरून ठेवतं: सरावाची कामगिरी वेगळी, शिकणं वेगळं. तीन पानांनंतर हिन्झ आणि रॅप यांचा विचित्र निकाल येतो, तेव्हा वाचकाला धक्का बसत नाही, त्याला आधीचं वाक्य आठवतं. आठवड्याने मोजायचं का, हा पद्धतीतला निर्णयही इथेच रुजला. पाच मिनिटांनी मोजलं असतं, तर टिकलेल्या शिकण्यातला फरक न दिसण्याचीच शक्यता होती.

एक बारीक गोष्ट. पार्श्वभूमीत आकडे घालायचे ते असे, दावा वळवणारे. प्रत्येक अभ्यासाची नमुना संख्या आणि पी-मूल्य ओतलं की परिच्छेद तक्त्यासारखा वाचला जातो आणि कोणता आकडा महत्त्वाचा ते कळत नाही.

"यावर कोणी काम केलेलं नाही" हे कारण का होत नाही

तिच्या जुन्या मसुद्यातली पोकळी होती: "पदवीच्या विद्यार्थ्यांवर असा अभ्यास झालेला नाही." मी विचारलं, पदवीच्या विद्यार्थ्यांत निकाल वेगळा येईल असं तुला का वाटतं? तिच्याकडे उत्तर नव्हतं. डावखुऱ्या लोकांवरही झालेला नाही, पावसाळ्यात जन्मलेल्यांवरही नाही. न झालेल्या अभ्यासांना अंत नसतो.

पोकळी म्हणजे रिकामी जागा, आणि कारण म्हणजे ती जागा रिकामी असल्यामुळे कोणता दावा अधांतरी राहिला आहे ते सांगणं. तिच्या बाबतीत ते असं लिहिता येतं: दडपणाचा परिणाम गटांच्या सरासरीत दिसला आहे. तो अवधानातून होतो असं मानलं, तर चिंताग्रस्तांत तो मोठा दिसायला हवा. तो तसा दिसतो का हे पाहिल्याशिवाय अवधानाचं स्पष्टीकरण नुसती शक्यता राहतं. या तीन वाक्यांत लोकसंख्येचा, वयाचा, ठिकाणाचा उल्लेखच नाही, तरी अभ्यास का करायचा ते कळतं. वय किंवा ठिकाण आणायचंच असेल, तर त्या गटात यंत्रणा वेगळी का चालेल याचं कारण लिहावं लागेल. ते लिहिता आलं तर खुशाल आणा.

इथेच एक प्रामाणिकपणा पाळायचा. उलटी बाजूही तितकीच पटण्यासारखी असू शकते. ज्याची चिंता मुळातच जास्त आहे, त्याला बिनदडपणाची चाचणीही दडपणाचीच वाटेल, मग त्याच्यात दोन स्थितींतला फरक उलट कमी दिसेल. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला. पण हे रिव्ह्यूत लिहिल्याने गृहीतक कमकुवत होत नाही. एक परिच्छेद घालून ही दुसरी शक्यता मांडली, आणि आपण पहिली का निवडली तेही लिहिलं: बिनदडपणाच्या सूचनेत गुण धरले जाणार नाहीत आणि कागदावर नाव नसेल, हे स्पष्ट सांगणार आहोत, त्यामुळे तिथे चिंतेला कमी खाद्य मिळेल. ही सूचना परिणामकारक झाली का, ते एका प्रश्नाने तपासायचं असंही ठरलं. परीक्षक नेमकं हेच विचारतात, आणि त्याचं उत्तर आधीच लिहिलेलं असतं.

गृहीतकातला शब्द मोजमापापर्यंत पोहोचतो का

"परीक्षेची चिंता" हा शब्द रिव्ह्यूत कुठल्या अर्थाने आला ते पाहा. लीबर्ट आणि मॉरिस यांनी १९६७ मध्येच तिचे दोन भाग केले: डोक्यात चालणारी काळजी, आणि शरीरात जाणवणारी घालमेल, म्हणजे धडधड, घाम वगैरे. आपला तर्क अवधानावर उभा आहे, आणि अवधान खाते ती मुख्यतः काळजी. म्हणून तिच्या गृहीतकात "चिंता" ऐवजी "चिंतेतली काळजी" आली.

स्पीलबर्गरच्या २० विधानांच्या परीक्षा-चिंता सूचीत काळजी आणि घालमेल यांची प्रत्येकी ८ विधानं आहेत. तिने एकूण गुण वापरायचं ठरवलं होतं, आता काळजीच्या ८ विधानांचे गुण मुख्य झाले. रिव्ह्यूत काळजीबद्दल बोलायचं आणि पद्धतीत एकूण गुण घ्यायचे, ही तूट फार वेळा दिसते. सापडायची सोपी जागा ही: गृहीतकातलं प्रत्येक नाम घ्या आणि पद्धतीच्या प्रकरणात ते कोणत्या गुणाने मोजलं ते शोधा. नाम आणि गुण जुळत नसतील, तर दोन्हीपैकी एक बदलावाच लागेल.

एक मर्यादा मात्र आधीच ओळखायला हवी. "जितकी चिंता जास्त तितकी घट मोठी" ही आंतरक्रिया आहे, आणि आंतरक्रिया पकडायला दोन गटांच्या सरळ तुलनेपेक्षा कित्येक पट जास्त माणसं लागू शकतात. साठ-सत्तर सहभागी मिळणार असतील, तर गृहीतकाचा दुसरा भाग सोडून पहिल्यावर थांबणं शहाणपणाचं, आणि चिंतेचा भाग नुसती चाचपणी म्हणून स्वतंत्र नोंदवायचा. तिला जवळपास दोनशे मिळणार होते, म्हणून नमुन्याची ताकद मोजून मग दोन्ही भाग ठेवले. पुन्हा वाचणारा गट तिने ठेवला नाही, कारण प्रश्न दडपणाचा होता. त्यामुळे "चाचणी वाचनापेक्षा चांगली" असं तिच्या निष्कर्षात कुठेही लिहिता येणार नाही, हेही तेव्हाच ठरलं.

दुरुस्ती झाली की नाही ते कसं कळतं

प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य एका कागदावर क्रमाने उतरवा आणि मोठ्याने वाचा. तिच्या जुन्या मसुद्यात ही यादी अशी ऐकू यायची: अमुकने अभ्यास केला, तमुकने अभ्यास केला, चिंता म्हणजे. नव्यात ती अशी झाली: आठवण्याचा सराव टिकाऊ शिकणं घडवतो. सरावातली कामगिरी मात्र शिकण्याचा पुरावा नसते. दडपणाखाली कामगिरी टिकते पण शिकणं घटतं. हे बहुधा अवधान खर्ची पडल्यामुळे होतं. अवधानावर सर्वांत जास्त ताण काळजीचा असतो. नुसत्या या ओळी वाचून गृहीतक काय असेल ते ओळखता येतं.

तेच दुसऱ्या माणसावर करून पाहा. गृहीतकाचा भाग झाकून उरलेला रिव्ह्यू विषयाबाहेरच्या एखाद्या मैत्रिणीला द्या आणि विचारा, आता मी काय अपेक्षा करणार असं तुला वाटतं? तिने गट बरोबर सांगितले पण दिशा सांगितली नाही, तर दिशेचा परिच्छेद कच्चा आहे. दिशा सांगितली पण चिंतेचा उल्लेखच केला नाही, तर शेवटचा दुवा तुटलेला आहे. तिने भलतंच सांगितलं, तर बहुतेक वेळा मधे कुठेतरी एखादा आवडता पण निरुपयोगी अभ्यास तिला भलतीकडे घेऊन गेलेला असतो. आमच्या बाबतीत तो यर्कस आणि डॉडसन निघाला. तिच्या मैत्रिणीने ठामपणे सांगितलं, "थोडी चिंता असलेल्यांना सगळ्यात जास्त आठवेल." तो उलट्या यू आकाराच्या आलेखाचा परिच्छेद त्याच संध्याकाळी निघाला.

दोन्ही चाचण्या पार झाल्या आणि तरी गाइडचा तोच शेरा आला, तर वाक्यांत बिघाड शोधू नका. तेव्हा खरोखरच वाचन कमी असतं, आणि तेही एका नेमक्या दुव्यापाशी. तिच्याकडे असा दुवा तिसरा होता, अवधानाचा. त्यासाठी तिने सहा पेपर वाचले आणि त्यातले दोन वापरले.

हे सगळं विदा गोळा करण्याआधी करायचं. निकाल हाती आल्यावर रिव्ह्यू दुरुस्त करायला बसलं, की हात आपसूक निकालाकडे वळतो आणि आधी न मांडलेलं गृहीतक आधीपासून होतं असं भासायला लागतं. मानसशास्त्रज्ञ नॉर्बर्ट कर यांनी १९९८ मध्ये याच सवयीवर बोट ठेवलं होतं. ते टाळण्यासाठी तिने एक केलं: अंतिम गृहीतक, त्यामागची तीन वाक्यं आणि मोजण्याचे गुण एका पानावर लिहून, तारीख घालून गाइडला मेल केलं. तिचे निकाल आले तेव्हा पहिला भाग खरा ठरला, दुसरा नाही. चर्चेच्या प्रकरणात तिने दुसऱ्या शक्यतेचा तो परिच्छेद उघडला आणि तिथूनच लिहायला सुरुवात केली.